संध्याकाळच्या फोटोत धावणारा माणूस बसवताना ब्लर कुठे, किती आणि का

प्रश्न: "मरीन ड्राइव्हवर सूर्य मावळल्यानंतर काढलेल्या माझ्या एका फोटोत धाकट्या भावाचा धावतानाचा फोटो बसवायचा आहे. आकार, रंग, उजेड सगळं जुळवलं, तरी तो वरून चिकटवल्यासारखा दिसतो. मोशन ब्लर दिला की आणखीच विचित्र दिसतो. त्याचा उडी मारतानाचाही फोटो आहे, त्याचंही तेच. नेमकं काय करायचं?"

तुम्ही बहुधा भावाच्या अख्ख्या लेयरला एकच ब्लर दिलाय. धावताना शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने पुढे जात नाहीत. धड साधारण एका वेगाने सरकतं. जमिनीवर टेकलेलं पाऊल त्या क्षणी पूर्ण स्थिर असतं, आणि मागून पुढे येणारं पाऊल धडाच्या दुपटीच्या आसपास वेगाने जातं. जमिनीवरच्या बुटाला तुम्ही धडाइतकाच ब्लर दिलात की तो फरशीवरून घसरत चालल्यासारखा दिसतो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं ते तिथेच.

ब्लर किती द्यायचा हे भावाचा फोटो ठरवत नाही, मागचा, म्हणजे मरीन ड्राइव्हचा फोटो ठरवतो. आधी त्याची शटर स्पीड काढा. मूळ फाइल असेल तर माहितीत `Exposure Time` दिसेल. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ही माहिती सहसा उरत नाही. फोनच्या नाइट मोडमध्ये अनेक फ्रेम्स जोडलेल्या असतात, म्हणून त्या आकड्यावरही फार विसंबू नका. अशा वेळी फोटोतच पुरावा शोधा: फूटपाथवरून चालणाऱ्यांचं उचललेलं पाऊल किती पुसट आहे, रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे किती लांबले आहेत. आजूबाजूचे चालणारे लोक हलकेसे विरघळलेले आणि त्यांच्यात धावणारा भाऊ मात्र काचेसारखा स्वच्छ, असं दृश्य स्थिर धरलेल्या कुठल्याच कॅमेऱ्यातून निघत नाही. अपवाद फ्लॅशचा, आणि तो असता तर उजेडही वेगळा पडला असता.

समजा, मागचा फोटो १/६० सेकंदाचा आहे आणि त्यात भाऊ ९०० पिक्सेल उंच बसतोय. त्याची उंची १७० सेंटिमीटर धरली तर एका सेंटिमीटरला साधारण पाच पिक्सेल पडतात. आरामात धावणारा माणूस सेकंदाला तीन मीटर जातो, म्हणजे १/६० सेकंदात पाच सेंटिमीटर. धडाचा आणि डोक्याचा ब्लर झाला पंचवीस पिक्सेल. टेकलेल्या पावलाचा शून्य. पुढे येणाऱ्या पावलाचा पन्नासच्या आसपास. पुढे झुलणाऱ्या हाताचा धडापेक्षा जास्त, चाळीसपर्यंत. आणि मागे जाणाऱ्या हाताचा धडापेक्षा बराच कमी, कारण शरीर त्याला पुढे नेतं आणि तो स्वतः मागे येत असतो. हा शेवटचा मुद्दा फार जण विसरतात आणि दोन्ही हात सारखेच पुसतात.

हे आकडे भाऊ फोटोला समांतर, म्हणजे डावीकडून उजवीकडे धावत असेल तेव्हाचे. तिरका धावत असेल तर कमी करा. ४५ अंशाला साधारण सत्तर टक्के उरतात. सरळ कॅमेऱ्याकडे येत असेल तर आडवा ब्लर जवळजवळ नसतोच, फक्त हातपाय आपापल्या दिशेने थोडे पुसट होतात. भावाचा फोटो १/२५०चा असेल तर त्यात सहाएक पिक्सेलचा ब्लर आधीच आहे, तेवढा वजा धरा.

आता शरीराच्या ठेवणीकडे येतो, कारण ब्लर कुठे जास्त आणि कुठे कमी हे तीच सांगते. धावण्यातले दोन क्षण डोळ्यांपुढे आणा. पहिल्यात एक पाय शरीराच्या खाली टेकलाय आणि दुसरा त्याच्या शेजारून पुढे जातोय, हातही अंगाजवळून जाताहेत. या क्षणी फरक सर्वांत जास्त असतो: खालचा पाय थांबलेला, दुसरा सर्वांत वेगात. वर दिलेले आकडे या क्षणाचे आहेत. दुसऱ्यात पाय पुढेमागे पूर्ण फाकलेले, हात झोक्याच्या टोकाला. झोक्याच्या टोकाला हात क्षणभर थांबून दिशा बदलतो, म्हणून त्याचा वेग धडाइतकाच उरतो. इथे ब्लर बराचसा एकसारखा चालतो, फक्त मागच्या बुटाचा पुढचा भाग अजून जमिनीला टेकलेला असेल तर तो स्वच्छ ठेवायचा आणि टाचेकडे हळूहळू ब्लर वाढवायचा. म्हणूनच नवख्या माणसाला मी फाकलेल्या पायांचा फोटो निवडायला सांगतो. अर्धं काम तिथेच वाचतं.

ठेवण खोटी असेल तर मात्र कुठलाही ब्लर तिला वाचवत नाही. बैठकीच्या खोलीत एका पायावर उभं राहून "धावतोय" अशी पोज दिलेला माणूस लगेच ओळखू येतो. त्याचं कंबर-डोकं टेकलेल्या पावलाच्या बरोबर वर असतं, कारण तसं नसतं तर तो पडला असता. धावणारा माणूस पाऊल मागे रेटत असताना त्याची कंबर पावलाच्या बरीच पुढे असते. तो सतत थोडा पडत असतो आणि पुढचं पाऊल त्याला सावरतं. शिवाय शर्ट छातीला चिकटून पाठीमागे फुगतो आणि केस मागे जातात. उजवा पाय पुढे असेल तर डावा हात पुढे हवा. पोज देताना हे हमखास उलटं होतं. शंका आली तर छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने १८८०च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काढलेल्या धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या माणसांच्या फोटोमालिका बघा. इंटरनेटवर सहज मिळतात, आणि प्रत्येक क्षणाला पाय-हात कुठे असतात हे त्यांच्याइतकं सोपं करून कुणी दाखवलेलं नाही.

फोटोशॉपमधलं काम असं. कटआउट नीट करून घ्या आणि मास्क तसाच न ठेवता लेयर स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये बदला. ही पायरी गाळली तर ब्लर मास्कच्या आतच अडकतो: आतला माणूस पुसट आणि कडा कात्रीने कापल्यासारखी धारदार. "ब्लर दिला की आणखीच विचित्र" यामागे निम्म्या वेळा हेच असतं. मग या स्मार्ट ऑब्जेक्टच्या तीन प्रती करा. एकीला `Filter > Blur > Motion Blur`, `Angle` धावण्याच्या दिशेचा, `Distance` २५. ही धडाची. दुसरी पुढे येणाऱ्या पायासाठी आणि हातासाठी. तिला `Filter > Blur Gallery > Path Blur` द्या आणि पाय ज्या वाकड्या वाटेने जातोय त्या वाटेची रेघ ओढा. इथे `Speed` टक्क्यांत असतो, पिक्सेलमध्ये नाही, म्हणून बुटाची पुसट लांबी मोजून तो पन्नासच्या जवळ आणावा लागतो. तिसरी प्रत तशीच, टेकलेल्या पावलासाठी. मग तिन्हींना मास्क लावून मऊ ब्रशने एकमेकींत मिसळा. प्रतींचा जोड गुडघ्याच्या वर आणि कोपराच्या वर ठेवा, नेमका सांध्यावर नको. जिंपमध्ये हाच पाय `Circular Motion Blur`ने, केंद्र कमरेपाशी ठेवून, छान जमतो.

एक गोष्ट मुद्दाम तपासा. मनगट, घोटा यांची जाडी सहा ते आठ सेंटिमीटर. त्यांचा ब्लर त्याहून लांब झाला की ते फोटोत कुठेच पूर्ण भरीव राहत नाहीत, मागचे दिवे त्यांच्यातून थोडे दिसायलाच हवेत. कटआउटच्या कडेला मूळ पार्श्वभूमीचा, म्हणजे मैदानाचा हिरवा किंवा भिंतीचा पांढरा रंग राहिला असेल तर ब्लरमुळे तो पसरून पायाभोवती प्रभावळ तयार होते. म्हणून कडा ब्लरच्या आधी साफ करायची, नंतर नाही.

हे सगळं झाल्यावर मागच्या फोटोतले दूरचे दिवे १००% आकारात बघा. ठिपक्याऐवजी प्रत्येक दिव्याला एकाच दिशेची छोटी शेपटी असेल तर तुमचा हात हलला होता. तेवढाच ब्लर, त्याच दिशेने, आख्ख्या भावाला द्यायचा. टेकलेला बूटही इथे सुटत नाही. आणि ग्रेन शेवटी. ब्लर भावावरचा ग्रेन पुसून टाकतो, तर आजूबाजूच्या आकाशात तो भरपूर असतो, त्यामुळे भाऊ प्लॅस्टिकचा दिसायला लागतो. `Add Noise`ने जुळेल इतका परत घाला.

उडीचा हिशेब निराळा आहे. उडीच्या सर्वांत वरच्या बिंदूला वर-खालचा वेग शून्य असतो, त्यामुळे जागच्या जागी मारलेल्या उडीत १/६०लाही माणूस तिथे स्वच्छ येतो. शिवाय उडीचा निम्मा वेळ उंचीच्या वरच्या पाव भागातच जातो, म्हणून बहुतेक फोटो तिथलेच निघतात. अशा भावाला उभा ब्लर दिला तर तो छतावरून पडल्यासारखा दिसेल. चाळीस सेंटिमीटरची उडी असेल तर जमिनीजवळ येताना वेग सेकंदाला पावणेतीन मीटर होतो, म्हणजे तुमच्या फोटोत पंचवीस पिक्सेलचा उभा ब्लर; पण तेव्हा पाय जमीन शोधत ताणलेले आणि केस-शर्ट वर उडालेले असायला हवेत. गुडघे पोटाशी घेतलेल्या, केस तरंगणाऱ्या भावाला जमिनीपासून पाच सेंटिमीटरवर ठेवलंत तर ठेवण सांगते "मी शिखरावर आहे" आणि जागा सांगते "मी उतरतोय". त्याला वर सरकवा, किंवा दुसरा फोटो घ्या. सूर्य मावळलेला असल्याने खाली धारदार सावली नको, पावलांखाली एक मऊ काळपट डाग पुरे, आणि भाऊ जितका वर तितका तो मोठा आणि फिका. पावलांना चिकटलेला गडद डाग उडी जमिनीवर आणून ठेवतो.

भावाचा फोटोच १/३०ला काढलेला असेल तर यातलं काही करू नका. जास्तीचा ब्लर काढता येत नाही. पुन्हा काढा: ढगाळ दिवशी उघड्यावर, शटर १/१०००, बर्स्ट मोड, कॅमेरा मागच्या फोटोच्या वेळी होता त्याच उंचीवर. आणि भावाला फ्रेमच्या दहा-पंधरा मीटर आधीपासून धावायला लावा. चार पावलं धावून थांबणारा माणूस फ्रेममध्ये येईपर्यंत मागे झुकायला लागलेला असतो.