फिलिप्स वक्र पाठ करण्याआधी व्होल्कर बघ

महागाई घटली की बेरोजगारी वाढते आणि उलटही, असं सांगणाऱ्या या वक्राची आकृती परीक्षेत काढशीलच, पण ती समजायची असेल तर 1979 नंतरची अमेरिका घे. पॉल व्होल्कर तिथल्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे, अध्यक्ष झाले तेव्हा महागाई दोन आकडी होती आणि बेरोजगारी 6 टक्क्यांच्या आसपास. त्यांनी पैशाचा पुरवठा आवळला. 1981 मध्ये फेडचा व्याजदर 19 टक्क्यांपर्यंत गेला. घरं, गाड्या कर्जावर घेतल्या जातात, त्यामुळे पहिला फटका बांधकाम आणि वाहन उद्योगाला बसला. 1982 च्या अखेरीस बेरोजगारी 10.8 टक्के झाली. 1983 मध्ये महागाई मात्र 3 टक्क्यांच्या घरात उतरली.

इथवर वक्र खरा वाटतो. आता 1988 बघ: बेरोजगारी साडेपाच टक्के, महागाई 4 टक्के. दोन्ही कमी! कारण लोकांची महागाईची अपेक्षाच खाली आली होती, म्हणजे अख्खा वक्र खाली सरकला. महागाई आणि बेरोजगारीतली अदलाबदल अल्पकाळापुरतीच असते ती अशी.

पण तो 'अल्पकाळ' कोणाच्या वाट्याला आला, हेही लिही. 1983 च्या सुरुवातीला कृष्णवर्णीयांमधली बेरोजगारी 20 टक्क्यांवर होती. सरासरीत हे दिसत नाही, आणि उत्तरपत्रिकेत बहुतेकजण इथेच थांबतात.