खरेदी-विक्रीवरील जीएसटीच्या रोजकीर्द नोंदी

प्रश्न : माझे पंख्यांचे छोटे दुकान आहे. खरेदीवर भरलेला आणि विक्रीवर घेतलेला जीएसटी रोजकीर्दीत कसा लिहायचा?

उत्तर : आपण नियमित नोंदणीधारक असाल, तर हा कर आपला खर्चही नाही आणि उत्पन्नही नाही, म्हणून तो खरेदी किंवा विक्री खात्यात मिसळू नये. समजा, राज्यातूनच १०,००० रुपयांचे पंखे १८ टक्के कराने उधार घेतले. तेव्हा खरेदी खाते १०,०००, इनपुट सीजीएसटी ९०० व इनपुट एसजीएसटी ९०० नावे टाकावे आणि पुरवठादाराचे खाते ११,८०० जमा करावे. तोच माल १४,००० रुपयांना रोख विकल्यास रोख खाते १६,५२० नावे, तर विक्री खाते १४,००० आणि आउटपुट सीजीएसटी व एसजीएसटी प्रत्येकी १,२६० जमा होईल.

महिनाअखेरीस दोन्ही आउटपुट खाती १,२६० नावे टाकून इनपुट खाती ९०० जमा करावीत आणि उरलेले प्रत्येकी ३६०, म्हणजे एकूण ७२० रुपये, भरताना बँक खाते जमा करावे. सीजीएसटीची वजावट एसजीएसटीपोटी चालत नाही, त्यामुळे ही खाती वेगळीच ठेवावीत. पुरवठादाराचे बिल जीएसटीआर-२बी या जीएसटी पोर्टलवरील मासिक वजावट-विवरणात दिसत नसेल, तर त्या महिन्यात ती वजावट घेऊ नये. छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत मात्र वजावटच मिळत नसल्याने संपूर्ण ११,८०० खरेदी खात्यातच जातात.