टूर पॅकेजच्या अटींचं मराठी: अनामत, आवाक्याबाहेरची परिस्थिती आणि एकट्याची खोली

प्रश्न: ‘आमच्या टूर पॅकेजच्या अटी मराठीत द्यायच्या आहेत. फोर्स मेजर, नॉन-रिफंडेबल डिपॉझिट आणि सिंगल सप्लिमेंट यांना मराठीत काय म्हणावं? शब्दकोशातले शब्द लिहिले तर लोक पुन्हा फोन करून अर्थ विचारतात.’

तिन्ही ठिकाणी शब्दापेक्षा पूर्ण वाक्य द्या. पैसे कोणी भरायचे, केव्हा भरायचे आणि बेत मोडला तर किती परत मिळतील, एवढं त्या वाक्यातून कळलं की फोन थांबतात.

सगळ्यात जास्त भांडणं डिपॉझिटवरून होतात, म्हणून आधी ते घेतो. त्याला सर्रास ‘अनामत’ लिहिलं जातं. पण घराची किंवा वाचनालयाची अनामत म्हणजे ठेवायला दिलेले पैसे, व्यवहार संपला की परत मिळणारे. टूरचं डिपॉझिट हा पॅकेजच्या किमतीचाच पहिला हप्ता असतो. सहल नीट पार पडली तरी तो परत मिळत नाही, एकूण किमतीत जमा होतो. ‘ना-परतावा अनामत’ वाचणाऱ्याला एकतर अर्थ लागत नाही, किंवा सहलीहून आल्यावर तो पैसे मागायला येतो. अर्थाने ‘इसार’ बराच जवळचा आहे, पण तो जमिनीच्या आणि घराच्या व्यवहारातला शब्द. माहितीपत्रकात परका वाटतो. ‘बुकिंगची रक्कम’ पुरेसं आहे. वाक्य असं करता येईल:

‘बुकिंग करताना माणशी २०,००० भरावे लागतील. ही रक्कम पॅकेजच्या एकूण किमतीत धरली जाईल. तुम्ही बुकिंग रद्द केलंत, तर ती परत मिळणार नाही.’

यातला ‘तुम्ही’ गाळू नका. ‘बुकिंग रद्द झाल्यास’ असं लिहिलं की कोणी रद्द केलं ते झाकलं जातं, आणि कंपनीने सहल रद्द केली तरी पैसे बुडतात असा अर्थ निघतो. मूळ इंग्रजी मजकूर याबद्दल गप्प असेल तर स्वतः ठरवू नका. कंपनीला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आता याच्या शेजारचा, बुकिंग रद्द केल्यास किती टक्के कापले जातील याचा तक्ता. पॅकेज १,००,००० चं आहे, बुकिंगची रक्कम २०,०००, आणि ‘निघण्याच्या ४५ ते ३० दिवस आधी रद्द केल्यास ५० टक्के’ अशी अट आहे असं धरा. प्रवाशाने आतापर्यंत ६०,००० भरलेत आणि तो ४० दिवस आधी रद्द करतो. कपात एकूण किमतीवर असेल तर ५०,००० कापून त्याला १०,००० मिळतील. मराठीत नुसतं ‘५० टक्के कापले जातील’ असं असेल, तर तो भरलेल्या पैशांचे ५० टक्के समजेल आणि ३०,००० ची वाट पाहील. आणि बुकिंगची रक्कम या कपातीशिवाय वेगळी जात असेल तर हिशेब ७०,००० वर जातो, म्हणजे हातात काहीच येत नाही, उलट १०,००० देणं निघू शकतं. एकाच अटीतून तीन वेगळे आकडे निघतात. म्हणून ‘पॅकेजच्या एकूण किमतीच्या ५० टक्के’ असं पूर्ण लिहा आणि पुढे ‘या कपातीत बुकिंगची रक्कम धरलेली आहे’ किंवा ‘धरलेली नाही’ हे जोडा. दिवस कुठून मोजायचे तेही सांगा: रद्द केल्याचं लेखी पत्र किंवा ईमेल कंपनीला मिळाल्याच्या तारखेपासून, की फोनवर कळवल्यापासून?

फोर्स मेजरला बरेच जण ‘नैसर्गिक आपत्ती’ किंवा ‘दैवी आपत्ती’ लिहितात. त्याने अट आखडते. युद्ध, दंगल, संप, सीमा बंद होणं, सरकारी बंदी या गोष्टी मूळ यादीत बहुतेक असतात आणि त्या नैसर्गिक नाहीत. उलट ‘कंपनीच्या नियंत्रणाबाहेरची कोणतीही कारणं’ असं लिहिलं की अट नको इतकी सैल होते. पुरेसे प्रवासी जमले नाहीत किंवा हॉटेलने दर वाढवले, हेही मग त्यात बसवता येतं. फोर्स मेजरचा गाभा असा, की घटना कोणाच्याही आवाक्याबाहेरची असावी, योग्य काळजी घेऊनही टाळता न येणारी असावी आणि तिच्यामुळे ठरलेली गोष्ट पार पाडणं अशक्य व्हावं. नुसतं महाग किंवा गैरसोयीचं होणं सहसा पुरत नाही. मी ‘कोणाच्याही आवाक्याबाहेरची परिस्थिती’ हे शीर्षक सुचवेन. लगेच खाली मूळ यादी जशीच्या तशी द्या, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. यादीच्या शेवटी मूळ मजकुरात ‘यांसारख्या इतर घटना’ अशा अर्थाचे शब्द असतील तरच ते मराठीत आणा. सवयीने लिहिलेलं ‘इत्यादी’ अटीचा आवाका बदलतं.

पण यादीपेक्षा परिणाम महत्त्वाचा. ‘कंपनी जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य जवळजवळ सगळीकडे असतं आणि वाचणारा त्याचा अर्थ ‘पैसे गेले’ असा घेतो. मूळ वाक्याचा रोख बहुधा नुकसानभरपाईकडे असतो: सहल न झाल्याने तुमची रजा वाया गेली, त्याचे पैसे कंपनी देणार नाही. भरलेल्या रकमेचं काय, हे वेगळ्या कलमात असतं आणि तिथे अनेक शक्यता असतात. सगळी रक्कम परत मिळते. हॉटेल आणि विमान कंपनीकडून परत न मिळालेला खर्च वजा करून उरलेली मिळते. किंवा तेवढ्या रकमेची पुढच्या सहलीसाठी क्रेडिट नोट मिळते. क्रेडिट नोट असेल तर तिची मुदत आणि ती दुसऱ्याच्या नावावर करता येते का, हेही लिहा. ही दोन्ही कलमं मराठीत एकाखाली एक आणा, आणि बुकिंगची रक्कम अशा वेळी परत मिळते का, हे त्याच जागी स्पष्ट करा. वरचं ‘परत मिळणार नाही’ वाचून प्रवासी इथे तोच नियम धरून चालतो.

इथे क्रियापदही जपा. मूळ मजकुरात ‘परत देऊ शकते’ असेल आणि मराठीत ‘परत मिळेल’ झालं, तर तुम्ही कंपनीच्या वतीने वचन देऊन बसलात. ‘परत द्यायची की नाही हे कंपनी ठरवेल’ हे कडू वाटलं तरी खरं भाषांतर तेच.

सिंगल सप्लिमेंटला ‘एकल पूरक’ म्हणणं निरर्थक, आणि ‘एकट्या प्रवाशावरचा अधिभार’ दंडासारखं वाटतं. कारण सांगितलं की गैरसमज राहत नाही. पॅकेजचा दर दोघांनी एक खोली वापरायची असं धरून काढलेला असतो. खोलीचं भाडं रात्रीला ६,००० असेल तर माणशी ३,००० दरात आलेले असतात. एकट्यासाठी हॉटेल तीच खोली ५,००० ला देत असेल, तर फरक रात्रीला २,००० आणि ५ रात्रींचे १०,०००. जेवण, बस, गाईड यांचा दर बदलत नाही. शीर्षक ‘स्वतंत्र खोलीसाठी जादा रक्कम’ असं ठेवा. म्हणजे एकटा आलेला, पण कोणासोबत खोली वाटून घ्यायला तयार असलेला प्रवासी आपल्यालाही ती भरावीच लागेल असं समजणार नाही.

या कलमात जवळजवळ नेहमी सुटणारी गोष्ट म्हणजे सोबत्याने ऐन वेळी रद्द केलेलं बुकिंग. दोघांपैकी एकाने रद्द केलं की मागे राहिलेल्याकडे ही रक्कम मागितली जाते, आणि त्याला ती अन्यायाची वाटते, कारण त्याने काहीच रद्द केलेलं नसतं. मूळ अटीत तसं असेल तर वेगळं वाक्य द्या: ‘तुमच्या खोलीतल्या सोबत्याने बुकिंग रद्द केलं आणि दुसरा सोबती मिळाला नाही, तर स्वतंत्र खोलीची जादा रक्कम तुम्हाला भरावी लागेल.’ दुसरा सोबती शोधून द्यायची जबाबदारी कंपनी घेते का, आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे कंपनीला विचारून त्याच वाक्याला जोडा.