रेअर कार्डं घेऊनही डाव का फसतो?

प्रश्न: स्ले द स्पायर या कार्डांच्या व्हिडिओ गेममध्ये दिसेल ते रेअर कार्ड घेतो, तरी दुसऱ्या अंकात मरतो. चुकतंय काय?

गठ्ठा फुगतोय आणि एनर्जी पुरत नाहीये. दर वळणाला मिळतात 5 कार्डं आणि 3 एनर्जी. आयर्नक्लॅड या पात्राचा सुरुवातीचा गठ्ठा 10 कार्डांचा, म्हणजे त्यातला बॅश हा हल्ला दर दोन वळणांत एकदा हातात येतोच. गठ्ठा 25 चा झाला की तोच बॅश पाच वळणांत एकदा, आणि तोवर बरीचशी लढाई उरकलेली असते.

सांगलीत विश्रामबागच्या खोलीवर परवाच मित्राचा डाव बघत होतो. हातात ब्लजन आणि तीन डिफेंड, समोरचा 15 चा घाव घालणार. ब्लजन रेअर, 32 चा फटका, पण खातं तिन्ही एनर्जी. तीन डिफेंडनी 15 चा घाव पुरता अडला असता. त्यानं ब्लजन टाकलं, शत्रू थोडक्यात वाचला आणि सगळा घाव अंगावर आला.

उलट ऑफरिंगही रेअरच, पण फुकट: 6 जीव घेऊन 2 एनर्जी आणि 3 कार्डं देतं. ते मी डोळे झाकून घेतो. जड कार्डं एक-दोनच ठेव, आणि दुकानात पहिल्यांदा 75 सोनं देऊन सुरुवातीच्या साध्या हल्ल्यांपैकी एक स्ट्राइक गठ्ठ्यातून काढून टाक.