वजन वाढलं, माप तेच

प्रश्न : मुलाला न्यूमोनियासारख्या आजारांपासून वाचवायला रोज देतात ते को-ट्रायमॉक्साझोल उपाशीपोटी द्यायचं की जेवणानंतर? रात्री दिलं तर चालेल का?

कधीही, पण रोज एकाच वेळी. मळमळ होत असेल तर खाऊ घालून द्या.

प्रश्न : मुलगी सात महिन्यांची आहे, वजन ७.२ किलो. माझ्या एचआयव्हीच्या आजारामुळे ती दीड महिन्याची असताना तिला हे औषध सुरू केलं, तेव्हा अर्धा चमचा सांगितला होता. तेवढंच देते. गेल्या आठवड्यात बाटली संपली आणि केंद्रावर जायला जमलं नाही. गावातल्या फार्मसीत बाटली नव्हती. त्यांनी गोळी दिली, म्हणाले तीच आहे, अर्धी कुसकरून दे. बरोबर आहे ना? (एक आई, पेडणे तालुका)

नाही. दोन्ही मापं चुकली आहेत, एक कमी पडतं आणि दुसरं जास्त होतं. या प्रश्नाला उत्तर लांबलचक देणार आहे, कारण याच गोंधळाची चार पत्रं समोर पडली आहेत.

या औषधात दोन द्रव्यं असतात, ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोल. हिशेब ट्रायमेथोप्रिमचा धरतात. रोगप्रतिबंधासाठी ते किलोमागे साधारण ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. आपल्याकडच्या नेहमीच्या पातळ औषधात ५ मिलीमध्ये ४० मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम असतं. मुलगी दीड महिन्याची असताना चार किलोच्या आसपास असणार. तेव्हा अर्धा चमचा, म्हणजे अडीच मिली, म्हणजे २० मिलिग्रॅम. चार किलोला पाच-पाच मिलिग्रॅम, हिशेब चोख. आज तेच २० मिलिग्रॅम ७.२ किलोला पुरवलं तर किलोमागे २.८ येतात. म्हणजे औषध रोज पोटात जातंय, पण संरक्षण जवळपास अर्ध्यावर आलंय, आणि मूल बाळसं धरतंय म्हणून घरात सगळे खूश.

आता गोळी. ही गोळी तीन ताकदींत मिळते. लहान मुलांच्या गोळीत ट्रायमेथोप्रिम २० मिलिग्रॅम, साध्या मोठ्या गोळीत ८०, आणि जिच्या नावापुढे ‘डीएस’ लिहिलेलं असतं तिच्यात १६०. नाव तेच, पाकीटही बऱ्याचदा सारखंच दिसतं. साध्या गोळीची अर्धी दिली असती तर ४० मिलिग्रॅम, ते तुमच्या मुलीला चाललं असतं. पण तुम्ही पाकिटाचा फोटो पाठवलात त्यावर ‘डीएस’ स्पष्ट दिसतंय. तिची अर्धी म्हणजे ८० मिलिग्रॅम, किलोमागे ११. हव्या त्या डोसाच्या दुप्पट. घाबरू नका, चार-पाच दिवसांत काही बिघडलं असण्याची शक्यता कमी आहे. पण ती गोळी आजच थांबवा आणि उद्या मुलीला घेऊन केंद्रावर जा. बाटली मिळेल, वजन होईल, रक्ताची एक तपासणीही होईल. महिनाभर दुप्पट डोस गेला असता तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरण्याची भीती होती. ‘तीच आहे’ असं सांगून गोळी काउंटरवरून सरकवणाऱ्याने मुलाचं वजन विचारलं होतं का, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे.

तुमच्या मुलीला आता बाटलीतलं ५ मिली लागेल, पण ते तिथल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. आपल्या राष्ट्रीय तक्त्यानुसार पाच किलोच्या आत अडीच मिली, पाच ते दहा किलोला पाच, दहा ते पंधराला साडेसात, पंधरा ते बावीसला दहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातले वजनगट थोडे वेगळे आहेत, म्हणून दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत एखाद्या मापाचा फरक दिसला तर कुणी चुकलं असं समजू नका. आपलं केंद्र जो तक्ता वापरतं तो धरून चला. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा त्रास असलेल्या मुलांना हा तक्ता जसाच्या तसा लागू होत नाही.

आणि ‘चमचा’ हा शब्द आपण औषधाच्या बाबतीत सोडून देऊ. स्वयंपाकघरातला चमचा कुणाकडे तीन मिलीचा असतो, कुणाकडे सातचा. सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज फार्मसीत अगदी स्वस्तात मिळते, तिच्यावर रेषा असतात. बाटली प्रत्येक वेळी जोरात हलवा. हे औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, त्याची पूड खाली बसते. न हलवता दिलं तर पहिले पंधरा दिवस मूल नुसतं गोड पाणी पितं आणि शेवटच्या आठवड्यात त्याच्या वाट्याला सगळा गाळ येतो. लसीला जाल तेव्हा वजन होतंच, तिथेच विचारायचं : ‘माप बदलायचं का?’ पाच किलो ओलांडले की आणि दहा किलो ओलांडले की हा प्रश्न विचारायलाच हवा. पहिल्या वर्षात तर वजन फार झपाट्याने वाढतं.

प्रश्न : नातू चार महिन्यांचा. सून एचआयव्हीची गोळी घेते. नातवाची सहा आठवड्यांची टाचेच्या रक्ताची चाचणी निगेटिव्ह आली. तरी ‘औषध चालू ठेवा’ म्हणतात. शेजारीण म्हणते, एवढ्याशा मुलाला ते उष्ण पडतं. बंद करू का? (एक आजी, डिचोली)

नाही, आजी. शेजारणीला उष्ण काय ते ठाऊक असेल, पण ही चाचणी तिला ठाऊक नाही.

सहा आठवड्यांची निगेटिव्ह चाचणी एवढंच सांगते की त्या दिवसापर्यंत लागण सापडली नाही. सून बाळाला अंगावर पाजते, आणि ते योग्यच आहे. तिचं औषध नियमित असेल तर धोका अगदी कमी होतो, पण शून्य होत नाही. म्हणून सहाव्या आणि बाराव्या महिन्यात पुन्हा चाचणी होते आणि शेवटचा निकाल अठराव्या महिन्यात लागतो. पाजणं त्याहून लांबलं तर ते थांबल्यानंतर, केंद्र सांगेल तेव्हा. अँटीबॉडीची साधी चाचणी आधी करून काही कळत नाही, कारण आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात वर्ष-दीड वर्ष रेंगाळतात.

या मधल्या काळात औषध का, तर न्युमोसिस्टिस नावाच्या बुरशीमुळे होणाऱ्या न्यूमोनियासाठी. लागण झालेल्या बाळांना तो सगळ्यात जास्त गाठतो तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, म्हणजे तुमचा नातू आज आहे त्याच वयात. बऱ्याचदा खोकला फारसा नसतो. श्वास जलद होतो, दूध ओढताना बाळ दमतं, ओठ निळसर दिसतात, आणि छातीला स्टेथोस्कोप लावला तर फारसं काही ऐकू येत नाही. त्या वेळी औषध सुरू करून धावाधाव करण्यापेक्षा रोजची अडीच-पाच मिली परवडली. अंतिम चाचणी निगेटिव्ह आली आणि पाजणं थांबलेलं असलं, की औषध बंद. बंद केल्याची नोंद बाळाच्या कार्डावर करून घ्या.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, एचआयव्ही पॉझिटिव्ह. तीन वर्षं एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, चालू आहे, वजन छान वाढलं, शाळेत जातो, वर्षभर आजारी नाही. एवढं बरं असताना को-ट्रायमॉक्साझोल का? (एक वडील, फोंडा)

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर मुलाच्या तब्येतीकडे बघून नाही, त्याच्या रक्तातल्या सीडी-४ या संरक्षक पेशींच्या आकड्याकडे बघून द्यावं लागतं.

पॉझिटिव्ह मुलाला पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत आपण हे औषध थांबवतच नाही, आकडा कितीही चांगला असो. त्यानंतर, एआरटी चालू असताना, सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा सीडी-४ ३५० च्या वर यायला हवा, तोही चढता, आणि त्या काळात क्षयरोगासारखा मोठा आजार नको. एकदा ४१० आला म्हणून लगेच बंद करायचं नसतं. तुमच्या पत्रात ४१० हा एकच आकडा आहे, म्हणून दुसऱ्या तपासणीची तारीख केंद्राला विचारा. तुमचं नाव बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात नोंदलेलं असेल तर निर्णय तिथेच होईल. आणि पुढे कधी आकडा ३५० च्या खाली घसरला तर औषध पुन्हा सुरू होतं.

‘बरा दिसतो’ हा निकष किती कच्चा आहे ते आफ्रिकेत तपासून झालं आहे. युगांडा आणि झिंबाब्वेतल्या, जवळपास दोन वर्षं किंवा जास्त काळ एआरटी घेणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांचं हे औषध थांबवलं आणि निम्म्यांचं चालू ठेवलं. २०१४ मध्ये निकाल छापून आला : ज्यांचं थांबवलं त्यांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ जास्त आली. त्यात मलेरियाचा वाटा होता, तो तिकडे खूप आहे आणि हे औषध त्यालाही थोडं अडवतं. पण न्यूमोनिया आणि इतर जंतूंचे आजारही त्यात होते. तिथला निष्कर्ष गोव्याला तसाच्या तसा लावू नये. मात्र स्वतःच्या अंदाजाने बंद करू नये, एवढं त्यातून नक्की निघतं.

प्रश्न : माझ्या मुलीला रक्ताचा कर्करोग आहे. तिला हेच औषध आठवड्यात तीन दिवस, दोन वेळा देतात. वॉर्डात भेटलेल्या एका बाईंच्या मुलाला रोज आहे. आम्हाला कमी देतायत का?

नाही. केमोथेरपी घेणाऱ्या मुलांमध्ये आठवड्यातून दोन-तीन दिवसांची पद्धत चालते आणि न्युमोसिस्टिसपासून ती पुरेसं संरक्षण देते. रोज देण्याने रक्तपेशी जास्त दबण्याची भीती असते, आणि केमो त्या आधीच दाबून ठेवते. मेथोट्रेक्सेट चालू असताना याचा डोस कधी मध्येच थांबवतात, तोही कर्करोगतज्ज्ञांचाच निर्णय. केमो संपली त्या दिवशी मात्र हे औषध संपत नाही. पुढचे तीन ते सहा महिने सहसा चालतं, कारण प्रतिकारशक्ती सावकाश सावरते. नेमकी तारीख तुमच्या कर्करोगतज्ज्ञांकडून लेखी घ्या.

प्रश्न : औषध सुरू करून दहा दिवस झाले, पोटावर आणि पाठीवर बारीक लाल पुरळ आलंय. ताप नाही. थांबवू? (एक आई, काणकोण)

आजच दाखवा, उद्यावर ढकलू नका. नुसतं पुरळ असेल, तोंड, डोळे साफ असतील आणि मूल खेळत असेल, तर डॉक्टर बहुधा लक्ष ठेवून औषध चालूच ठेवतील. ताप आला, डोळे लाल झाले, तोंडात किंवा लघवीच्या जागी फोड आले, कातडी सुटू लागली, तर पुढचा डोस देऊ नका आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. सल्फाची अशी तीव्र प्रतिक्रिया एकदा आली की हे औषध त्या मुलाला आयुष्यात पुन्हा द्यायचं नाही. त्याऐवजी डॅप्सोन देता येतं, पण त्याआधी जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता नाही ना, हे तपासणं चांगलं. ती असेल तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मूल अचानक फिकट किंवा पिवळं पडलं, लघवी काळपट झाली, तर को-ट्रायमॉक्साझोलच्या बाबतीतही हीच शंका घ्या.

प्रश्न : चवथीला गावी गेलो तेव्हा दोन दिवसांचे डोस राहिले. आता दुप्पट द्यावे का?

नाही. आजचा डोस द्या आणि राहिलेले विसरा. पुढच्या वेळी बाटली आणि सिरिंज दोन्ही पिशवीत टाका.

प्रश्न : एका दुकानात ‘इम्युनिटी वाढवणारं’ सिरप मिळतं, साडेचारशेला. ते सुरू केलं तर हे औषध बंद करता येईल का?

नाही. ते पैसे मुलाच्या अंड्या-मासळीवर घाला.