स्लायडिंग टॅकल कधी करावा?

प्रश्न: मी लेफ्ट बॅक खेळतो. स्लायडिंग टॅकल नेमका कधी मारावा? चेंडू आधी लागला तरी रेफरी फाउल का देतात?

विंगर चेंडू पुढे ढकलतो आणि चेंडू त्याच्या पायापासून एखादं पाऊल सुटतो, तोच क्षण. चेंडू पायाला चिकटलेला असेल तर उभंच राहा, त्याला साइडलाइनकडे रेटत न्या. मागे कव्हरला कोणी नसेल तर आणखी थांबा, कारण चुकलात तर तुम्ही जमिनीवर आणि तो गोलसमोर. 1970 च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडचा डिफेंडर बॉबी मूरने ब्राझीलचा विंगर जैरझिन्होला अडवलं ते असंच: मागे सरकत वाट पाहिली आणि पाय शेवटी घातला.

समजा, तो तुमच्या उजवीकडून पळतोय. उजवा पाय गुडघ्यात दुमडून त्याच मांडीवर घसरा आणि डावा पाय जमिनीलगत वळवून चेंडू बाहेर काढा. पाय वर उचलू नका, स्टड त्याच्याकडे दाखवू नका. हे फार महत्त्वाचं, घोटे इथेच मोडतात.

चेंडू आधी लागला म्हणून सुटका होत नाही. निष्काळजीपणा असेल तर फक्त फ्री किक (पेनल्टी एरियात पेनल्टी), समोरच्याला असलेल्या धोक्याची पर्वा न करता घुसलात तर पिवळं कार्ड, आणि जास्त जोर लावून त्याला इजा होईल असं केलंत तर लाल. चेंडू काढून मागचा पाय त्याच्या नडगीत घुसला तरी रेफरी तेच पाहतो.