‘माहिती पाठवून ठेवा’ म्हटल्यावर काय पाठवायचं?

प्रश्न: “नाशिकमध्ये घरगुती सोलरचं सेल्स करतो, सहा महिने झाले. दिवसाला आठ-दहा जण म्हणतात, ‘आत्ता नको, माहिती पाठवून ठेवा.’ मी लगेच व्हॉट्सॲपवर ब्रोशर टाकतो. निळ्या टिक येतात आणि विषय संपतो. परत फोन केला तर उचलत नाहीत. अशा वेळी नेमकं काय बोलायचं?”

आधी ते ब्रोशर बंद करा. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं. कंपनीची चोवीस पानी पीडीएफ होती, त्यात पॅनलच्या वॉरंटीपासून संचालकांच्या फोटोपर्यंत सगळं. एका काकांना ती पाठवली आणि दर तीन दिवसांनी ‘बघितलंत का?’ विचारत राहिलो. चौथ्या फोननंतर त्यांनी ब्लॉक केलं. चूक माझीच होती. त्यांना हवी असलेली एकच गोष्ट, म्हणजे त्यांच्या घराचा हिशोब, त्या चोवीस पानांत नव्हती.

‘माहिती पाठवा’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा फोन ठेवायला सभ्य वाट शोधत असतो. आपल्याकडे तोंडावर ‘नको’ म्हणायची पद्धत नाही. पण काही जणांचं ‘आत्ता नको’ शब्दशः खरं असतं, आणि काही जणांच्या हातात निर्णयच नसतो, तो मुलाच्या नाहीतर सोसायटीच्या हातात असतो. फोनवर आवाजावरून हे ओळखता येत नाही. म्हणून ‘हो’ म्हणायचं आणि पाठवण्यासाठी लागणारी एक गोष्ट मागायची. सोलरमध्ये ती गोष्ट म्हणजे लाईट बिल.

मी असं बोलतो: “हो काका, पाठवतो. छापील कागद नाही पाठवत, तुमच्या घराचाच हिशोब पाठवतो, चार ओळींत. त्यासाठी शेवटच्या लाईट बिलाचा फोटो टाकाल का? आणि आत्ता नको म्हणालात ते कशामुळे, घरात काही काम चालू आहे का?” मग गप्प बसायचं. ही शांतता नवीन पोरांना सहन होत नाही, ते लगेच सबसिडीवर सुरू होतात आणि समोरच्याचं खरं कारण ऐकायचं राहून जातं.

फोटोच मागा, ग्राहक क्रमांक तोंडी मागू नका. फसवणुकीच्या फोनमुळे लोक बारा आकडी नंबर सांगायला घाबरतात आणि ते बरोबरच आहे. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर आणि मंजूर भार दोन्ही छापलेलं असतं, तेवढं आपल्याला पुरतं. ज्याने फोटो पाठवला त्याने त्यासाठी दोन मिनिटं घालवली, म्हणजे थोडा तरी रस आहे. ज्याने ‘बघतो’ म्हणून दोन दिवस पाठवला नाही, त्याचा नकार समजा आणि नंबर बाजूला ठेवा.

कारण मात्र विचाराच, कारण पुढची तारीख त्यातूनच निघते. पितृपक्ष चालू असेल तर घटस्थापनेनंतर बोला. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर थांबणंच योग्य, पॅनलचे पाय रोवल्यावर गच्ची पुन्हा उकरायची म्हणजे दुप्पट खर्च. सोसायटी असेल तर विषय वार्षिक सभेच्या अजेंड्यावर यायला हवा. ती सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, त्यामुळे सचिवांना हिशोब जुलै-ऑगस्टमध्येच मिळाला पाहिजे. ऑक्टोबरमध्ये पाठवलात तर अकरा महिने फायलीत पडून राहतो. आणि ‘मुलाला विचारतो’ असं उत्तर आलं तर मुलाला पुढे पाठवता येईल असाच मेसेज लिहा.

आता प्रत्यक्ष मेसेज. इंदिरानगरमधला एक बंगला, निवृत्त शिक्षक. बिलावर वर्षाची सरासरी महिना ३४० युनिट, बिल साधारण ४,२००. आपल्याकडे एक किलोवॅट महिन्याला सरासरी १२० युनिटच्या आसपास देतो, म्हणजे तीन किलोवॅट पुरतात. त्या संध्याकाळी मी हे पाठवलं:

“नमस्कार सर, तुमचा वापर महिना सरासरी ३४० युनिट. ३ किलोवॅट सोलर लागेल, गच्चीवर साधारण ३०० चौरस फूट, सावली नसलेली जागा.
खर्च १,९५,००० रुपये. हे आधी भरावे लागतात. काम आणि नेट मीटर झाल्यावर केंद्राची ७८,००० सबसिडी तुमच्या खात्यात येते.
आजच्या दराने महिन्याला साधारण ३,८०० वाचतील. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. स्थिर आकार भरावाच लागेल.
गच्चीचं काम डिसेंबरात होईल म्हणालात, म्हणून १० जानेवारीला फोन करतो. तोपर्यंत त्रास देणार नाही.”

बस. लोगो नाही, पीडीएफ नाही. नोटिफिकेशनमध्ये फक्त पहिली ओळ दिसते, म्हणून त्यांचाच आकडा तिथे ठेवला.

दुसऱ्या ओळीकडे नीट बघा. बरेच जण सबसिडी वजा करून थेट १,१७,००० हीच किंमत सांगतात. ऐकायला गोड वाटतं, पण चेक मागताना १,९५,००० म्हटलं की समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं आणि व्यवहार तिथेच मोडतो. तसंच ‘बिल शून्य’ लिहू नका. स्थिर आकाराचं पहिलं बिल आलं की सगळ्यात आधी तुम्हालाच फोन येतो. आणि ‘सबसिडी या महिन्यात संपतेय’ हे तर मुळीच नको. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली तेव्हाच ती २०२६-२७ पर्यंत असल्याचं जाहीर झालं होतं. मुलगा दोन मिनिटांत शोधून काढेल, मग तुमचे खरे आकडेही खोटे ठरतात.

सरांनी ‘ठीक’ एवढंच लिहिलं. मीही मध्ये काही पाठवलं नाही, दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा नाहीत. (त्या दिवशी त्यांना शंभर दुकानदारांच्या येतातच.) १० जानेवारीला फोन केला: “सर, गच्चीचं काम डिसेंबरात होणार होतं, झालं का?” नव्हतं झालं. ठेकेदार लटकवत होता. पुढची तारीख १५ फेब्रुवारी ठरली. तेव्हा मुलगाच बोलला. तो माझा मेसेज वाचून बसला होता आणि त्याने एकच शंका काढली: शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर येते, त्याचं काय? जागेवर गेलो, दोन पॅनल पूर्वेला सरकवून मांडणी बदलली आणि ऑर्डर मिळाली. पहिल्या फोनपासून साडेचार महिने लागले.

दरवेळी असं होत नाही. ठरलेल्या तारखेला फोन लागला नाही तर मी दोन दिवसांनी एकदा करतो. तरी उचलला नाही तर शेवटचा मेसेज: “सर, सध्या नको असं समजून तुमची फाईल बंद करतोय. मनात आलं तर याच नंबरवर नवीन बिलाचा फोटो टाका.” यावरही काही जण परत येतात, बहुतेक मेच्या सुमाराला, एसीचं बिल हातात पडल्यावर. पण कोणी स्पष्ट ‘फोन करू नका’ म्हणालं की तिथेच थांबा. १९०९ वर तक्रार गेली तर नंबर बंद होऊ शकतो, आणि तुमचे सगळे ग्राहक त्याच नंबरवर आहेत.

निळ्या टिकवाले जे जुने लोक तुमच्याकडे पडून आहेत, त्यांना पुन्हा ब्रोशर नको. एकच ओळ टाका: “मागे मी छापील माहिती पाठवली होती, त्यात तुमच्या घराचा हिशोब नव्हता. बिलाचा फोटो टाकलात तर आज संध्याकाळी काढून देतो.” एका दिवसात पाच-सहांनाच पाठवा, नाहीतर फोटो येतील आणि संध्याकाळी हिशोब करायला तुम्हाला वेळ नसेल.